बिल्डर असोसिएशनला पत्र: निवृत्त इंजिनिअरने नेमकं काय देऊ करावं

प्रश्न: "सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून दीड वर्षापूर्वी निवृत्त झालो. तब्येत चांगली आहे, आठवड्याचे तीन दिवस सहज देऊ शकतो. आमच्या तालुक्याच्या गावी बिल्डर असोसिएशन आहे. साइट तपासणी आणि ड्रॉइंग छाननी अर्धवेळ करून देतो, असं पत्र त्यांना द्यायचं आहे. दोन पानी मसुदा केला, पण वाचताना तो बायोडेटाच वाटतो. पत्रात काय असावं? फी लिहावी का? आणि माझी सही झाली की जबाबदारी कुठपर्यंत येते?"

नमस्कार साहेब. मसुदा बायोडेटासारखा वाटतो, कारण तो तुमच्याकडून सुरू होतो. पत्र वाचणारा अध्यक्ष स्वतः बिल्डर असतो. त्याच्याकडे आर्किटेक्ट आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, साइटवर सुपरवायझर आहे. एवढं सगळं असताना तुम्ही कशाला, हा त्याचा पहिला प्रश्न. आणि दुसरा, जो तो तोंडावर विचारणार नाही: हा साहेब येऊन माझं काम अडवणार तर नाही ना? सरकारी साइटवर आपण काम थांबवू शकत होतो आणि ते सगळ्यांना आठवतं. या दोन प्रश्नांची उत्तरं पहिल्या परिच्छेदात मिळाली तरच पुढचं वाचलं जातं. मीही निवृत्तीनंतर पहिलं पत्र असंच लिहिलं होतं, पूल किती केले, इमारती किती केल्या. त्याला उत्तर आलं नाही. वर्षभराने दुसरं लिहिलं, एक पानाचं, आणि त्यात फक्त एका संध्याकाळबद्दल लिहिलं. त्यावर काम मिळालं, आणि आज सात वर्षं तेच चालू आहे.

ती संध्याकाळ म्हणजे सळई बांधून झाल्यापासून काँक्रीट पडेपर्यंतचा वेळ. लहान गावात स्ट्रक्चरल इंजिनिअर बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो. फुटिंगला येतो, पहिल्या स्लॅबला येतो, पुढच्या मजल्यांना फोटो मागवतो. फोटोत सळई दिसते, पण ती किती उंचीवर आहे ते दिसत नाही. सुपरवायझर मुलगा हुशार असला तरी पंपाची गाडी, सिमेंट, मजूर यांत अडकलेला असतो. त्या पाच-सहा तासांत शांतपणे टेप घेऊन फिरणारा माणूस साइटवर नसतो. तुम्ही देऊ शकता ते हेच, आणि पत्रात एवढंच मांडा.

आता हे कशावर अवलंबून आहे ते सांगतो. असोसिएशनमध्ये कोण आहे ते आधी बघा. काही संघटना फ्लॅट बांधून विकणाऱ्यांच्या असतात, क्रेडाईच्या शहर शाखा तशा आहेत. काही ठेकेदारांच्या असतात, बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाची केंद्रं बहुतांशी तशी. तालुक्याला दोन्ही एकत्र असू शकतात. विकणारा बिल्डर तुम्हाला पैसे देऊन ठेकेदाराचं काम तपासून घेतो, तिथे तुमचं हित सरळ आहे. ठेकेदारच पैसे देऊन स्वतःचं काम तपासून घेत असेल, तर तुमचा अहवाल मालकापुढे 'साहेबांनी पाहिलंय' म्हणून फिरवला जातो. अशा वेळी अहवालाची प्रत मालकालाही जाईल, ही अट मी आधीच घालतो. तुमच्या गावी कोणता प्रकार आहे ते विचारूनच मसुदा पक्का करा.

पत्रासोबत तपासणीचा एक नमुना जोडा. बिल्डरला ते तुमच्या नोकरीच्या वर्षांपेक्षा जास्त पटतं. मी जोडतो तो नमुना एका बाल्कनीचा आहे. साइट कुणाची ते लिहीत नाही, फक्त काय दिसलं ते लिहितो. ते इथे सविस्तर सांगतो, कारण ड्रॉइंग छाननी आणि साइट तपासणी या दोन्हींचा अर्थ त्या एका बाल्कनीत येतो.

चार मजली इमारत, दीड मीटर बाहेर आलेली बाल्कनी, भिंतीजवळ स्लॅबची जाडी १२५ मिलिमीटर. वरच्या बाजूला १० मिलिमीटरच्या सळया, १२५ अंतरावर. बाल्कनी कॅन्टिलिव्हर असल्याने ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर. कव्हर २० धरलं तर सेंट्रिंगच्या प्लेटपासून सळईच्या माथ्यापर्यंत १०५ मिलिमीटर यायला हवेत. मी टेप प्लेटवर उभी टेकवली, तर ६५ भरले. खुर्च्या, म्हणजे चेअर, आतल्या स्लॅबला होत्या, बाल्कनीत एकच होती आणि तीही आडवी पडलेली. इलेक्ट्रिशियनने पाइप टाकताना आणि मजुरांनी ये-जा करताना सळई पायाखाली दाबली गेली होती. वरून बघणाऱ्याला जाळी व्यवस्थित दिसत होती, बांधणी तारही प्रत्येक गाठीला होती.

४० मिलिमीटर खाली गेल्याने काय बिघडतं, तर स्लॅबची परिणामकारक खोली १०० वरून ६० वर आली. एम २५ काँक्रीट आणि ५०० ग्रेडची सळई धरून मी तिथेच कागदावर हिशेब केला. सळई जागेवर असती तर एक मीटर रुंदीची पट्टी साधारण २४ किलोन्यूटन-मीटर मोमेंट झेलते. दाबलेल्या सळईने ती ताकद १२-१३ वर येते. स्वतःचं वजन, फरशी, कडेचा विटेचा कठडा आणि माणसांचा भार मिळून प्रत्यक्ष मोमेंट सुमारे साडेअकरा होतो. सुरक्षिततेचा दीडचा गुणक लावला की सतराच्या वर लागतो. म्हणजे ही बाल्कनी सेंट्रिंग काढताच पडली नसती. पूर्ण भारालाही कदाचित उभी राहिली असती. पण नियमाने ठेवलेली सगळी शिल्लक आधीच खर्च झाली असती. पुढे कुणी कुंड्या मांडल्या, जड फरशी बसवली, भिंतीजवळ वरून चीर पडून पाणी मुरलं आणि सळई गंजली, की काही वर्षांनी ती धोक्याची झाली असती. बाल्कनीची चीर वरच्या अंगाला, भिंतीला समांतर येते आणि ती फरशीखाली झाकलेली असते. खालून बघणाऱ्याला फार उशिरा कळतं.

उपाय अर्ध्या तासाचा होता. सळई उचलली, दर ६० सेंटिमीटरला चेअर लावून बांधली, वर चालायला फळ्या टाकल्या. पुन्हा टेप लावून फोटो काढला, टेपवरचा आकडा फोटोत वाचता येईल असा. आणि एक गोष्ट मी तेव्हापासून नेहमी करतो: बाल्कनीचं काँक्रीट पडेपर्यंत थांबतो. आदल्या संध्याकाळी बरोबर असलेली सळई काँक्रीटच्या वेळी पुन्हा दाबली जाते, त्यामुळे आदल्या दिवशीच्या तपासणीवर या भागापुरता विश्वास ठेवता येत नाही. सुपरवायझरला आधी सांगून ठेवतो की बाल्कनी पहिल्या तासात घ्या, मी तोवर आहे. शक्य असेल तिथे टेकू कधी आणि कसे काढायचे हेही लिहून देतो. बाल्कनीचे टेकू बाहेरच्या कडेकडून काढत भिंतीकडे यायचं. उलट केलं तर स्लॅब क्षणभर भलत्याच जागी टेकतो आणि जिथे सळई नाही तिथे ताण येतो.

हे झालं साइटचं. त्याच बाल्कनीत ड्रॉइंगचाही एक प्रश्न होता आणि माझ्या मते तो जास्त मोलाचा. आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये एका बाल्कनीच्या मागे बाथरूम होतं आणि ते २५० मिलिमीटर खाली, सन्क. स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये सगळ्या बाल्कन्यांना एकच डिटेल होतं: वरची सळई आतल्या स्लॅबमध्ये बाल्कनीच्या दीडपट लांब न्यायची. बाकीच्या खोल्यांना ते जुळत होतं. इथे मात्र आतला स्लॅबच २५० खाली होता, तर ही सळई जाणार कुठे? साइटवर फिटरने त्याला सुचलं ते केलं. सळई बीममध्ये वाकवून खाली सोडली.

बाल्कनीचा मोमेंट मागच्या स्लॅबने तोलून धरायचा असतो. मागे त्याच पातळीवर स्लॅब नसेल तर तो सगळा पीळ बीमवर येतो. बीम त्या पिळासाठी डिझाइन केलेला होता का, त्याच्या रिंगा तेवढ्या जवळ होत्या का, सळईची बीममधली पकड पुरेशी होती का, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरं मी देत नाही. मी फक्त दोन ड्रॉइंग शेजारी ठेवून ती जागा दाखवतो आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी विचारतो. त्या वेळी त्यांनी बीमच्या रिंगा बदलून दिल्या आणि सळईच्या वाकाची लांबी लिहून दिली. त्यांना माझा राग आला नाही, कारण प्रश्न त्यांच्याकडे गेला, बिल्डरच्या कानात गेला नाही.

ड्रॉइंग छाननीत मी बहुतेक वेळ अशाच जोडांवर घालवतो: आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंग जिथे एकमेकांना भेटतात तिथे. सन्क स्लॅब, जिन्याचा मधला टप्पा, पार्किंगसाठी सरकवलेला कॉलम, गच्चीवरची पाण्याची टाकी नक्की कुठल्या कॉलमवर आहे. डिझाइनचा हिशेब मी पुन्हा करत बसत नाही. ते वेगळं काम आहे, त्याला वेगळा वेळ आणि वेगळी फी लागते, आणि आपल्यासारख्या खात्यातून आलेल्या माणसाने ते रोज करत असल्याशिवाय अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जबाबदारी. इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि साइटचा नियुक्त इंजिनिअर ही नावं परवानगीच्या कागदांवर असतात. तुमचं नाव त्यात नाही आणि येऊ देऊ नका. दोन-चार अहवाल चांगले झाले की बिल्डर म्हणतोच, "साहेब, महारेराचा क्वालिटीचा दाखलाही तुम्हीच द्या ना." तो दाखला म्हणजे फॉर्म २ए, आणि तो प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या इंजिनिअरने द्यायचा असतो. महिन्यातून दोनदा येणारा माणूस अख्ख्या वर्षाच्या सिमेंट, सळई आणि कारागिरीची हमी देऊ शकत नाही. मी नम्रपणे नाही म्हणतो. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला गेला तर प्रवर्तकाला तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो. तुमचा अहवाल बिल्डरला हवा असतो तो याच कारणाने. पण त्याच कारणाने अहवालातला प्रत्येक शब्द पाच वर्षांनी वाचला जाईल, असं धरून लिहा. 'सळईचं काम समाधानकारक' असं कधीही लिहू नका. 'अमुक तारखेला, अमुक वेळी, दुसऱ्या मजल्याच्या ग्रिड ए ते डी मधल्या स्लॅबची सळई पाहिली, खालील गोष्टी आढळल्या, खालील दुरुस्त झाल्याचं पाहिलं, जिना पाहिला नाही' असं लिहा. काय पाहिलं नाही ते लिहिणं हे तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. काम वाढलं तर व्यावसायिक दायित्वाचा विमा घ्या.

एक गोष्ट घाईत विसरू नका. निवृत्त अधिकाऱ्यांच्या खासगी कामावर काही पदांसाठी ठरावीक काळाचं बंधन असतं. तुमच्या सेवानियमांत ते काय आहे ते पत्रापूर्वी बघा. आणि नोकरीत असताना ज्यांची बिलं तुम्ही तपासली त्या ठेकेदारांच्या साइट निदान सुरुवातीला घेऊ नका.

फी पत्रात लिहू नका, वेगळ्या पत्रकात द्या. दर चौरस फुटाला कधीच ठरवू नका. चौरस फुटाची फी घेतली की अख्खी इमारत तुमची झाली, असं सगळे मानतात. मी दर भेटीला घेतो. दोनशे चौरस मीटरच्या स्लॅबला मला अडीच तास लागतात, अहवालाला एक तास, येणं-जाणं वेगळं. म्हणजे एक भेट ही अर्ध्या दिवसाची. तुमच्या भागात स्ट्रक्चरल इंजिनिअर एका साइट भेटीचं जे घेतो त्याच्या जवळपास ठेवा. फार कमी घेतलं तर त्यांच्या पोटावर येतं आणि ते तुमच्याशी बोलायचे बंद होतात. दुरुस्तीनंतर दुसरी भेट लागली तर तिचे पैसे निम्मे घेतो. पूर्ण घेतले तर बिल्डर दुसऱ्यांदा बोलावत नाही आणि दुरुस्ती झाली की नाही ते कळत नाही.

माझं पत्र असं आहे. तुमच्या हिशेबाने बदलून घ्या.

प्रति,
मा. अध्यक्ष,
बिल्डर असोसिएशन, (गाव)

विषय: स्लॅबपूर्व साइट तपासणी व ड्रॉइंग छाननी, अर्धवेळ सेवेबाबत

महोदय,

आपल्या सभासदांच्या साइटवर सळई बांधून झाल्यापासून काँक्रीट पडेपर्यंतच्या वेळात एक स्वतंत्र तपासणी करून देण्याची माझी तयारी आहे. काम न थांबता चूक काँक्रीटच्या आधी हाती लागावी, एवढाच यामागे हेतू आहे. मी सार्वजनिक बांधकाम विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो असून सेवेतील बराच काळ इमारतींच्या कामांवर होतो.

ड्रॉइंग छाननीत आर्किटेक्टची व स्ट्रक्चरल ड्रॉइंग एकमेकांशी ताडून शंकांची लेखी यादी तीन दिवसांत देईन. साइट तपासणीसाठी काँक्रीटच्या किमान २४ तास आधी कळवावे. सळई, कव्हर, रिंगा, चेअर, सेंट्रिंग व टेकू पाहून त्याच दिवशी फोटोंसह एक पानी अहवाल सभासद व त्यांचे स्ट्रक्चरल इंजिनिअर या दोघांना देईन.

डिझाइनमधील कोणताही बदल मी साइटवर सांगणार नाही, तो निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा राहील. ही सेवा नियुक्त आर्किटेक्ट व इंजिनिअर यांच्या जबाबदारीला पर्याय नाही, तसेच कोणत्याही शासकीय नमुन्यातील प्रमाणपत्र यात समाविष्ट नाही.

सोमवार, बुधवार व शुक्रवार मी उपलब्ध असेन. शुल्क भेटीप्रमाणे असून पत्रक व एका तपासणीचा नमुना अहवाल सोबत जोडला आहे. असोसिएशन सुचवेल त्या एका चालू साइटवर एक तपासणी विनाशुल्क करून दाखवेन. त्या वेळी इच्छुक सभासदांनी उपस्थित राहावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल)

यातल्या २४ तासांच्या अटीवर सगळ्यात जास्त घासाघीस होते. रात्री नऊला फोन येतो, "साहेब, सकाळी सातला पंप आहे, जरा बघून जा." अशा वेळी गेलात तर चूक सापडूनही काही होत नाही, कारण गाडी दारात उभी असते आणि कुणीच ती परत पाठवत नाही. तुमचा अहवाल मात्र त्या चुकीला साक्षीदार होतो. सुरुवातीचे दोन-तीन फोन मी नाकारले. पुढे त्याच लोकांनी आदल्या दिवशी सकाळी फोन करायला सुरुवात केली.

विनाशुल्क तपासणी एकच करा आणि ती सभासदांसमोर करा. टेप प्रत्येकाच्या हातात द्या, प्लेटपासून सळईच्या माथ्यापर्यंतचा आकडा त्यांनाच मोठ्याने वाचायला लावा. पत्र टपालाने न पाठवता असोसिएशनच्या मासिक सभेत हातात द्या, आणि जमलं तर पावसाळा सरता सरता, कारण दसऱ्यानंतर नवी कामं सुरू होतात आणि त्यांचे पहिले स्लॅब दिवाळीनंतर पडायला लागतात.